‘सर, मला क्लेम करता येईल का...?’ हा प्रश्न पूर्ण करायच्या आधी स्वतःला विचारायचे चार प्रश्न



ट्रेनिंगच्या शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली की एक प्रश्न हमखास येतो. हात वर होतो आणि समोरून आवाज येतो, “सर, मी मशीन घेतलंय. मला क्लेम करता येईल का...” आणि प्रश्न तिथेच थांबतो. विचारणाऱ्याला वाटतं की प्रश्न पूर्ण झाला, आता सर हो किंवा नाही म्हणतील.

खरं सांगू? या अर्ध्या प्रश्नाला जो माणूस लगेच “हो” म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आणि जो लगेच “नाही” म्हणतो त्याच्यावरही ठेवू नका. कारण तेच मशीन, तेच बिल, तीच रक्कम असली तरी तीन वेगवेगळ्या धंदेवाल्यांना तीन वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात. कुणाला 36,000 रुपये मिळतात, कुणाला 34,200, तर कुणाला शून्य. हे कसं होतं, ते आज एका उदाहरणातून बघू.

चिंचणीचं उदाहरण

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी परिसरात डायमेकिंगचा धंदा चालतो, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. सोन्या-चांदीच्या पत्र्यावर नक्षी उठवायला जो पोलादी साचा लागतो, तो म्हणजे डाय. पूर्वी सगळं काम छिन्नी-हातोडीने व्हायचं. आता हाताच्या कारागिरीबरोबर कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशीनंही आली आहेत.

समजा, असाच एक डायमेकर दादा आहे. आकडे मी हिशेबाला सोपे पडावेत असे घेतलेत. दादाची वर्षाची विक्री 12 लाख, म्हणजे महिन्याला साधारण एक लाख. सगळी गिऱ्हाईकं महाराष्ट्रातली. 40 लाखांच्या आत, फक्त मालाची विक्री, आणि तीही राज्यातल्या राज्यात. म्हणून त्याने जीएसटी नंबर घेतलेला नाही, आणि तशी गरजही नव्हती.

12 ऑगस्ट 2025 ला त्याने सीएनसी मशीन घेतलं. किंमत 2,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 36,000, एकूण बिल 2,36,000. सप्टेंबरमध्ये पोलादही भरलं. मग राजकोटच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर 40 लाखांची सूट चालत नाही. पहिल्या विक्रीपासूनच रजिस्ट्रेशन लागतं. दादाने अर्ज केला आणि 6 ऑक्टोबर 2025 ला सर्टिफिकेट हातात आलं.

आता दादा विचारतो, “सर, मशीनवर 36,000 जीएसटी भरलाय. आता नंबर आलाय. क्लेम करता येईल का?”

उत्तर द्यायच्या आधी चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: क्लेम कशातून?

आपण ‘क्लेम’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

एक म्हणजे जीएसटीमधला क्लेम, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट. खरेदीवर भरलेला जीएसटी आपण विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करतो. यात 36,000 चे पूर्ण 36,000 सुटतात.

दुसरा इन्कम टॅक्समधला क्लेम. यात पैसे परत मिळत नाहीत, तर नफ्यातून खर्च वजा होतो. मशीनच्या बाबतीत तर पूर्ण किंमतही एका वर्षात वजा होत नाही. दरवर्षी घसारा, म्हणजे डेप्रिसिएशन, धरायचा. साध्या मशीनला तो वर्षाला 15 टक्के.

आणि हे दोन्ही एकाच रकमेवर मिळत नाहीत. 36,000 चं जीएसटी क्रेडिट घेतलं तर घसारा फक्त 2,00,000 वर. क्रेडिट मिळालं नाही तर घसारा पूर्ण 2,36,000 वर. “दोन्हीकडे दाखवतो, कोण बघतंय” असं करू नका. कायद्यात याला स्पष्ट मनाई आहे.

दादाचा प्रश्न जीएसटीचा आहे. चला पुढे.

दुसरा प्रश्न: बिलाच्या तारखेला मी कोण होतो?

आजच्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. लोक विचारतात, “माझ्याकडे आता जीएसटी नंबर आहे का?” पण बघायचं असतं ते हे, की ज्या दिवशी मशीन घेतलं त्या दिवशी मी कोण होतो. रेग्युलर, कंपोझिशन, की नंबर नसलेला?

12 ऑगस्टला दादाकडे नंबर नव्हता. नवीन रजिस्ट्रेशन घेणाऱ्यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम 18 मध्ये एक सोय आहे. रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे जो माल शिल्लक आहे, त्यावरचं क्रेडिट तुम्ही घेऊ शकता. यात कच्चा माल येतो, आणि अर्धवट तयार किंवा तयार मालात जो कच्चा माल लागलाय तोही येतो. पण या सोयीत मशीन, म्हणजे कॅपिटल गुड्स, येत नाहीत.

म्हणजे दादाच्या बाबतीत गंमत बघा. 5 ऑक्टोबरला त्याच्या कारखान्यात 30,000 चं पोलाद शिल्लक होतं. त्यावरचा 5,400 जीएसटी त्याला मिळू शकतो. पण त्याच कारखान्यात बाजूला उभ्या असलेल्या मशीनचे 36,000 मिळत नाहीत. पोलाद सप्टेंबरचं, मशीन ऑगस्टचं म्हणून हा फरक नाही. पोलाद हा माल आहे आणि मशीन हे कॅपिटल गुड्स, म्हणून हा फरक.

आता दादाच्या जागी दुसरा डायमेकर ठेवा. तो आधीपासून कंपोझिशनमध्ये होता, विक्रीवर 1 टक्का भरत होता. कंपोझिशनमध्ये असताना क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे ऑगस्टमध्ये त्यालाही मिळालं नाही. कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, म्हणून राजकोटच्या ऑर्डरसाठी तो 6 ऑक्टोबरला रेग्युलरमध्ये आला. त्याच्यासाठी कलम 18 चं वेगळं पोटकलम आहे आणि त्यात मशीन येतं. फक्त बिलाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीला, किंवा तिमाहीच्या भागाला, 5 टक्के कापले जातात. त्याची एकच तिमाही सुरू झाली होती, म्हणून 1,800 कापले आणि 34,200 मिळाले.

तिसरा डायमेकर ऑगस्टमध्येच रेग्युलर होता. त्याला पूर्ण 36,000.

तिघांचं मशीन एकच. नंबर नसलेल्याला शून्य, कंपोझिशनवाल्याला 34,200, रेग्युलरवाल्याला 36,000. आता कळलं ना, अर्ध्या प्रश्नाला उत्तर का देता येत नाही?

तुमची तारीख कुठे बघायची? जीएसटी पोर्टलवरून `GST REG-06` हे सर्टिफिकेट डाउनलोड करा. त्यात रजिस्ट्रेशन कधीपासून लागू, ते लिहिलेलं असतं. अर्ज केल्याची तारीख धरू नका, सर्टिफिकेटवरचीच धरा. ती तारीख आणि मशीनच्या बिलाची तारीख शेजारी शेजारी ठेवा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

आणि शिल्लक मालाचं क्रेडिट आपोआप येत नाही, बरं का. त्यासाठी पोर्टलवर `GST ITC-01` हा फॉर्म पात्र झाल्यापासून 30 दिवसांत भरावा लागतो. दादाला साधारण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत भरायला हवा. बिल एक वर्षापेक्षा जुनं चालत नाही. क्लेम 2 लाखांच्या वर गेला तर सीएचं सर्टिफिकेट लागतं. नवीन नंबर घेणारे अनेक जण पहिल्या महिन्यात बिलबुक छापण्यात आणि बोर्डवर नंबर रंगवण्यात गुंततात, आणि हे 30 दिवस निघून जातात.

“सर, मग बिलाची तारीखच बदलून घेतली तर?”

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. मशीन विकणाऱ्याने ऑगस्टचं बिल त्याच्या ऑगस्टच्या रिटर्नमध्ये दाखवलंय. मशीन आलं तेव्हा ई-वे बिल निघालंय. तुमच्या बँकेतून ऑगस्टमध्ये पैसे गेलेत. म्हणजे तीन ठिकाणी ऑगस्ट लिहिलेला आहे आणि तुम्ही ऑक्टोबरचं बिल दाखवणार. पकडलं जाणं फार अवघड नाही. चुकीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर ते परत भरायचं, वर वर्षाला 18 टक्के व्याज, आणि दंड वेगळाच. 36,000 साठी धंद्याचं नाव खराब करायचं का?

तिसरा प्रश्न: बिल कुणाच्या नावावर, आणि वस्तू कशासाठी?

घरचा धंदा असला की इथे हमखास घोळ होतो. मशीनच्या लोनसाठी बिल बाबांच्या नावाने केलेलं असतं आणि जीएसटी नंबर मुलाच्या नावावर असतो. किंवा दुकानदाराने विचारलं, “नंबर टाकू का?” आणि आपण घाईत म्हणालो, “राहू दे हो, नंतर बघू.” बिलावर तुमचा जीएसटी नंबर नसेल तर विक्रेत्याच्या रिटर्नमध्ये ती किरकोळ विक्री म्हणून जाते आणि तुमच्या खात्यात काहीच दिसत नाही.

तुमच्या खात्यात काय दिसतंय, ते `GSTR-2B` मध्ये बघायचं. दर महिन्याच्या 14 तारखेच्या आसपास पोर्टलवर ते तयार होतं. बिल तुमच्या हातात आहे पण `GSTR-2B` मध्ये नाही, म्हणजे एक तर विक्रेत्याने रिटर्न भरलेलं नाही, किंवा तुमचा नंबर चुकलाय, किंवा टाकलेलाच नाही. अशा वेळी सीएच्या आधी विक्रेत्याला फोन करा. “शेठ, ऑगस्टचं आमचं बिल 2B मध्ये दिसत नाहीये, जरा तपासता का?” एवढं पुरतं. मशीन घेतल्याच्या महिन्यात हा फोन केला तर काम होतं. वर्षभराने केला तर समोरच्याला बिलही आठवत नाही.

आता वस्तू कशासाठी आहे, ते बघू. काही खर्च धंद्यासाठीच केलेले असतात, तरी जीएसटीत त्यांचं क्रेडिट बंद आहे. दादाने मशीनसाठी घरामागे पक्की शेड बांधली असं धरा. सिमेंट, विटा, पत्रे या सगळ्यांवर त्याने जीएसटी भरला. स्वतःच्या धंद्यासाठी बांधलेली इमारत असली तरी हे क्रेडिट रेग्युलर असलेल्यालासुद्धा मिळत नाही. पण त्याच शेडमध्ये मशीन बसवायला जमिनीत जो काँक्रीटचा पाया घातला, तो मशीनचाच भाग मानला जातो. त्याचं क्रेडिट मिळू शकतं. म्हणून गवंड्याला सांगा, “दादा, मशीनच्या पायाचं बिल वेगळं दे.” सगळं एकाच बिलात गेलं तर नंतर वेगळं काढून दाखवणं कठीण जातं.

चौथा प्रश्न: मी इन्कम टॅक्स कोणत्या पद्धतीने भरतो, आणि मला टॅक्स लागतो का?

जीएसटीचा दरवाजा बंद झाला की दादा म्हणतो, “मग निदान इन्कम टॅक्समध्ये तरी 2,36,000 दाखवतो.”

दाखवता येतील का? पद्धत काय आहे, त्यावर अवलंबून. आपल्याकडचे बरेच छोटे धंदेवाले कलम 44एडी खाली रिटर्न भरतात. वह्या ठेवायच्या नाहीत, विक्रीच्या किमान 8 टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के नफा दाखवायचा. (प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवायचा, हे विसरू नका.) या पद्धतीत सगळे खर्च आधीच वजा झाले असं धरलं जातं. घसाराही त्यातच आला. मशीन वेगळं दाखवता येत नाही.

वर आणखी एक बाब आहे. घसारा वेगळा मिळाला नाही तरी मिळाला असं समजूनच मशीनची किंमत कमी धरली जाते. दादाचं मशीन पहिल्या वर्षी 180 दिवसांपेक्षा जास्त वापरात होतं, म्हणून पूर्ण 15 टक्के, म्हणजे 35,400. पुढच्या वर्षी त्याने रीतसर वह्या ठेवायला सुरुवात केली तर मशीनची किंमत 2,36,000 नाही, 2,00,600 धरायची.

आणि शेवटी मुद्द्याचं. आर्थिक वर्ष 2025-26 साठी नव्या कर पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो. इथे उत्पन्न म्हणजे नफा, विक्री नाही. दादाची विक्रीच 12 लाख आहे, नफा त्याहून बराच कमी. म्हणजे त्याला टॅक्सच नाही. मग घसाऱ्याचा क्लेम मिळाला काय नि नाही मिळाला काय, त्या वर्षी खिशात एक रुपयाचा फरक पडत नाही. असा क्लेम शोधण्यात चार संध्याकाळी घालवू नका.

ज्यांना खरंच टॅक्स लागतो आणि जे वह्या ठेवतात त्यांनी एक गोष्ट बघा. मशीनचे पैसे रोखीने दिलेत का? एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरत नाहीत आणि तिच्यावर घसाराही नाही. बँकेतूनच द्या.

(1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा, 2025 लागू आहे. त्यात कलमांचे नंबर बदललेत. पुढच्या वर्षांसाठी सीएशी बोलताना ‘44एडी’ऐवजी ‘अंदाजित नफ्याची पद्धत’ म्हणा, म्हणजे गोंधळ होणार नाही.)

मग दादाचं चुकलं कुठे?

काही जण म्हणतील, “ऑगस्टमध्येच नंबर घ्यायला हवा होता.” थांबा, हेही तपासून बघू.

ऑगस्टमध्ये नंबर घेतला असता तर तेव्हापासून प्रत्येक विक्रीवर जीएसटी लावावा लागला असता. दोन महिन्यांची विक्री 2,00,000. दादाची गिऱ्हाईकं जीएसटी नंबर नसलेले छोटे सोनार असतील तर ते वरचे 18 टक्के द्यायला तयार होत नाहीत. ते म्हणतात, “भाऊ, डायचा भाव तोच ठेव.” मग 2,00,000 मधूनच टॅक्स काढायचा. 2,00,000 ला 118 ने भागून 18 ने गुणलं तर साधारण 30,500 रुपये येतात. म्हणजे 36,000 मिळवायला खिशातून 30,500 गेले. हाती उरले 5,500 च्या आसपास, आणि दोन महिन्यांच्या पोलादाचं जे काही क्रेडिट मिळेल ते.

गिऱ्हाईकं नंबर असलेली असतील तर चित्र वेगळं. तुम्ही लावलेला जीएसटी ते स्वतः क्रेडिट म्हणून घेतात, त्यामुळे भाव वाढल्यासारखा वाटत नाही.

म्हणून दादाची खरी चूक नंबर उशिरा घेतला, ही नाही. राजकोटच्या व्यापाऱ्याशी बोलणं आधीच सुरू असेल आणि मशीनला थोडं थांबता आलं असतं, तर आधी नंबर, मग मशीन, हा क्रम हवा होता. सर्टिफिकेट आल्यावर आठवड्याभराने तेच मशीन घेतलं असतं तर 36,000 वाचले असते. वर एक रुपयाही खर्च झाला नसता, फक्त क्रम बदलायचा होता. आणि ऑर्डरची चाहूलच नसती, तर ऑगस्टमध्ये मशीन घेणं हा साधा धंद्याचा निर्णय होता. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही.

आता प्रश्न पूर्ण करा

सीएकडे जाताना अर्धा प्रश्न घेऊन जाऊ नका. वहीत हे वाक्य लिहा आणि रिकाम्या जागा भरा:

“मी ____ तारखेला ____ रुपयांचं मशीन घेतलं, त्यात जीएसटी ____ रुपये. बिल ____ च्या नावावर आहे, त्यावर माझा जीएसटी नंबर आहे / नाही. त्या तारखेला मी रेग्युलर / कंपोझिशन / विनानंबर होतो. माझं रजिस्ट्रेशन ____ पासून लागू आहे. पैसे बँकेतून / रोख दिले. इन्कम टॅक्स अंदाजित नफ्याने / वह्यांवरून भरतो. मला जीएसटीत क्रेडिट मिळेल का, आणि मिळत असेल तर कोणता फॉर्म, कोणत्या तारखेच्या आत?”

शेवटचे शब्द विसरू नका. ‘मिळेल का’ याच्याइतकंच ‘कोणत्या तारखेच्या आत’ हे महत्त्वाचं आहे. दादाचे 36,000 गेले, पण त्याने हे वाक्य घेऊन ऑक्टोबरमध्येच सीएचं ऑफिस गाठलं तर पोलादाचे 5,400 अजून मिळतात. नोव्हेंबरच्या शेवटी गेला तर तेही हातचे जाऊ शकतात.

मशीन घ्यायचा विचार चालू असेल तर हे वाक्य ॲडव्हान्स देण्याच्या आधी भरा. तारखेची जागा रिकामी आहे, तोवर ती तुमच्या हातात आहे.

भेटू पुढच्या लेखात.